प्लॅसिड ट्रायलचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट परत लिहायचाय, चारही भाग समतोल कसे ठेवायचे?

कोकणकन्या_पीएसएम
नमस्कार मंडळी. पीएसएमला, म्हणजे कम्युनिटी मेडिसिनला दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट आहे. आमच्याकडे जर्नल क्लबला नवीन टूम निघालीये, पेपर नुसता वाचून दाखवायचा नाही, मूळ अ‍ॅबस्ट्रॅक्ट झाकून ठेवायचा, आतला पेपर वाचायचा आणि ३०० शब्दांत बॅकग्राउंड, मेथड्स, रिझल्ट्स, कन्क्लुजन असा आपला अ‍ॅबस्ट्रॅक्ट लिहून आणायचा. माझ्या वाट्याला प्लॅसिड आलाय, म्हणजे आयसीएमआरचा कोविडमधल्या प्लाझ्मावरचा, बीएमजेमध्ये ऑक्टोबर २०२० ला आलेला. मी लिहून दिलं तर गाइड मॅडमनी वर फक्त "तोल गेलाय" एवढंच लिहून परत दिलं, कुठे गेलाय ते सांगितलं नाही. इंग्रजीत लिहिलंय पण इथे मराठीत टाकते, बघा जरा.

बॅकग्राउंड: कोविड-१९ ने जगभर थैमान घातले असून खात्रीचे औषध उपलब्ध नाही. बऱ्या झालेल्या रुग्णांचा प्लाझ्मा १९१८ च्या फ्लूच्या साथीपासून वापरला जात आहे. सार्स आणि इबोलामध्येही त्याचा वापर झाला. कोविडमध्ये अनेक छोट्या अभ्यासांत अत्यंत आशादायक निष्कर्ष मिळाले आहेत. प्लाझ्मातील अँटीबॉडी विषाणूला निष्प्रभ करतात. त्यामुळे प्लाझ्माचे फायदे तपासणे गरजेचे होते.

मेथड्स: ३९ हॉस्पिटलांत मध्यम आजाराच्या रुग्णांना रँडमाइज करून प्लाझ्मा किंवा नेहमीचे उपचार दिले. विविध क्लिनिकल व लॅब आउटकम तपासले.

रिझल्ट्स: सातव्या दिवशी प्लाझ्मा गटात दम व थकवा जाण्याचे प्रमाण लक्षणीय जास्त होते. विषाणू चाचणी निगेटिव्ह होण्याचे प्रमाणही लक्षणीय जास्त होते. आजार गंभीर होणे किंवा मृत्यू यांत सांख्यिकीय फरक आढळला नाही (पी > ०.०५).

कन्क्लुजन: प्लाझ्मा सुरक्षित असून लक्षणे लवकर कमी करतो. योग्य रुग्ण निवडल्यास फायदा होऊ शकतो. मोठ्या अभ्यासांची गरज आहे.

माझं म्हणणं असं की यातलं एकही वाक्य खोटं नाहीये. मग तोल गेला म्हणजे नेमकं काय?

मिसळ_जास्त_तर्री
बॅकग्राउंड वाचताना वाटलं आता शिवकालापासून सुरुवात होणार.

समसमान
सोपं आहे ताई. ३०० शब्द, चार भाग, ७५ चा एक. तुमचं बॅकग्राउंड फुगलंय आणि मेथड्स वाळलंय, एवढंच मॅडमना म्हणायचं असेल. आम्ही एमबीएला एक्झिक्युटिव्ह समरी अशीच करायचो. आणि फरक आढळलाच नाही तर तो एका ओळीत उरकला ते बरोबरच आहे, जे नाही त्यावर किती लिहिणार?

आकडेमोड्या
समसमान, पहिलं अर्धं बरोबर. बॅकग्राउंड फुगलंय हे खरंच. पण ७५-७५ ची वाटणी अजिबात नको. वाचणाऱ्याला जे दुसरीकडे कुठेही मिळणार नाही त्याला जागा द्यायची, आणि ते मेथड्स आणि रिझल्ट्समध्ये असतं. मी साधारण ४० शब्द बॅकग्राउंडला, शंभरेक मेथड्सला, सव्वाशेच्या आसपास रिझल्ट्सला आणि उरलेले कन्क्लुजनला देतो. हा काही नियम नाही, माझा हात बसलाय तसा.

तुमचं दुसरं वाक्य मात्र घातक आहे. "फरक आढळला नाही" हाच या ट्रायलचा मुख्य रिझल्ट आहे. ट्रायल उभी केली तीच या एका प्रश्नासाठी, की २८ दिवसांत आजार गंभीर होणं किंवा मृत्यू येणं हे प्लाझ्माने कमी होतं का. त्याचं उत्तर शेवटच्या ओळीत कंसात पी-व्हॅल्यू देऊन उरकलं आणि सेकंडरी आउटकम पाटावर बसवले. मॅडम बहुधा हेच म्हणतायत.

कोकणकन्या, वाक्य खोटं नसूनही तोल जातो तो तीन ठिकाणी. काय आधी सांगितलं, कशाला आकडा दिला, आणि कशाला नुसतं "लक्षणीय" म्हणून सोडलं. आता एक काम कर, तुझ्या कन्क्लुजनवर हात ठेव आणि फक्त बॅकग्राउंड वाच. "अत्यंत आशादायक", "अँटीबॉडी निष्प्रभ करतात", "फायदे तपासणे". निकाल तिथेच लागलाय, ट्रायल व्हायच्या आधी. प्रश्न "फायदे तपासणे" नसतो, "फायदा होतो का" असतो.

कोकणकन्या_पीएसएम
काका हे पटलं बॅकग्राउंडचं. पण रिझल्ट्सचं नाही पटत पूर्ण. पॉझिटिव्ह आलंय ते वर घेतलं तर त्यात लपवाछपवी कुठे आहे, खाली लिहिलंच आहे ना की मृत्यूत फरक नाही.

लीड्सचा_पाऊस
मी इथे यूकेत एका ट्रायल युनिटमध्ये काम करतो, रोजचा धंदा हाच. यावर चक्क संशोधन झालेलं आहे. २०१० ला जामामध्ये एक अभ्यास आला होता, ज्यांचा प्रायमरी आउटकम सिग्निफिकंट आला नाही अशा ७२ ट्रायल्स घेतल्या आणि लेखकांनी मांडणी कुठे कुठे फिरवलीये ते तपासलं. ७२ पैकी १३ पेपरांत शीर्षकातच, २७ मध्ये अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या रिझल्ट्समध्ये आणि ४२ मध्ये अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या कन्क्लुजनमध्ये. म्हणजे निम्म्याहून जास्त. आम्ही याला स्पिन म्हणतो, क्रिकेटवाला नाही.

नंतर २०१४ मध्ये त्याच गटाने ३०० डॉक्टरांनाच रँडमाइज केलं. कॅन्सरच्या ट्रायल्सचे अ‍ॅबस्ट्रॅक्ट, अर्ध्यांना स्पिनसकट आणि अर्ध्यांना स्पिन काढून. स्पिनवाला वाचलेल्यांना उपचार जास्त फायद्याचा वाटला. फरक प्रचंड नव्हता, दहाच्या स्केलवर एकाहून कमीच, पण ही सगळी वाचायला शिकलेली माणसं होती. "खाली लिहिलंच आहे ना" ला उत्तर हे.

घाटावरचा_डॉक्टर
मला थोडं विरुद्ध बोलायचंय. मी फिजिशियन, तालुक्याच्या गावी. एप्रिल २०२१ मध्ये माझ्याकडचे नातेवाईक प्लाझ्मासाठी रात्री बेरात्री डोनर शोधत फिरायचे, ग्रुपवर मेसेज टाकायचे, मी स्वतः काही पेशंट्सना दिलाय. त्यातले काही म्हणाले डॉक्टर छातीत हलकं वाटतंय. पेशंटला दम कमी लागतो ही गोष्ट तुम्हा आकडेवाल्यांना सेकंडरी वाटते, त्याला नाही वाटत. मग अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये ते वर आलं तर एवढं काय बिघडलं? शिवाय विषाणूचं आरएनए निगेटिव्ह होणं हे तर लॅबचं आहे, त्यात कुणाच्या वाटण्याचा प्रश्नच येत नाही.

मिसळ_जास्त_तर्री
डॉक्टर, तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर प्लाझ्माचे मेसेज आणि गुड मॉर्निंगची फुलं एकाच वेळी यायची. डिलीट कुठलं करायचं कळायचं नाही.

आकडेमोड्या
डॉक्टरसाहेब, मुद्दा हलका नाही, म्हणून नीट लिहितो.

प्लॅसिड ओपन-लेबल होती. प्लाझ्मा मिळालाय हे पेशंटला माहीत, डॉक्टरला माहीत. दम आणि थकवा पेशंट सांगतो तसा लिहिला जातो. साथीच्या त्या दिवसांत ज्याला दोन पिशव्या प्लाझ्मा चढलाय आणि ज्याला चढलेला नाही, दोघं सातव्या दिवशी "कसं वाटतंय" ला सारखंच उत्तर देतील का? तुमच्या पेशंटला हलकं वाटलं ते खोटं नाही म्हणत मी. ते प्लाझ्मामुळे वाटलं की मिळाला म्हणून वाटलं, हे ही ट्रायल वेगळं करून दाखवू शकत नाही एवढंच.

आरएनएबद्दल तुमचं बरोबर आहे, त्यावर वाटण्याचा परिणाम होत नाही. पण तो सेकंडरीच आहे, अनेकांपैकी एक, आणि व्हायरस लवकर निगेटिव्ह होऊनही माणसं वाचण्यात काही फरक दिसला नाही. किंबहुना तेच या पेपरमधलं मला सगळ्यात विचार करण्यासारखं वाटतं.

म्हणून दोन्ही लिहावं. पण प्रायमरीच्या नंतर, आणि "ओपन-लेबल" हा शब्द मेथड्समध्ये असायलाच हवा म्हणजे वाचणारा स्वतः ठरवेल किती वजन द्यायचं. कोकणकन्या, तुझ्या मेथड्समध्ये तो शब्दच नाहीये. रिझल्ट्सचा तोल पुष्कळदा मेथड्समध्येच जातो तो असा.

जुनी_खोड
ओपन-लेबल असेल तर सगळी ट्रायलच बाद ना मग? ब्लाइंडिंग नाही तर रँडमायझेशनचा काय उपयोग. उगाच कशाला अ‍ॅबस्ट्रॅक्ट लिहिताय.

लीड्सचा_पाऊस
नाही हो. रँडमायझेशन गट सारखे करतं, ब्लाइंडिंग नंतरची वागणूक आणि मोजणी सारखी ठेवतं, कामं वेगळी. मेलेला माणूस ओपन-लेबलमध्येही मेलेलाच. आउटकम जेवढा मोजणाऱ्याच्या किंवा सांगणाऱ्याच्या हातात तेवढा ब्लाइंडिंग नसल्याचा फटका जास्त. इथला प्रायमरी मृत्यू किंवा PaO2/FiO2, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं गुणोत्तर, शंभरच्या खाली जाणं असा होता, त्यामुळे बराचसा घट्ट. इथली यूकेची रिकव्हरी नावाची प्लाझ्माचीच ट्रायलसुद्धा ओपन-लेबलच होती, ११ हजारांवर पेशंट, प्लाझ्मावाले २४ टक्के गेले आणि दुसऱ्या गटातलेही २४ टक्केच. तीही बाद करणार का?

वैद्य_चिपळूणकर
उत्तम धागा. माझाही असाच प्रश्न आहे. आमच्या परिषदेला अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवायचा आहे, पोर्टलवर एकच चौकट आहे, मथळे घालता येत नाहीत आणि २५० शब्दांनंतर अक्षरच उमटत नाही. माझ्या एमडीच्या प्रबंधात संधिवातावर लेप होता, पी ०.०४ आला आहे. फी भरल्यावर अ‍ॅबस्ट्रॅक्ट बदलता येतो का? आणि पोस्टर उभे की आडवे?

मिसळ_जास्त_तर्री
वैद्यबुवा, पोस्टर उभं, लेप आडवा.

आकडेमोड्या
वैद्यराज, परिषदेचं परिषदवाल्यांना विचारा. मथळे नसले तरी क्रम तोच ठेवा, वाक्यावाक्याने. पण "पी ०.०४ आला" एवढंच लिहू नका. किती जण कुठल्या गटात होते, वेदना कुठल्या स्केलवर किती उतरली, दोन गटांत फरक किती, त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काय. नुसत्या पी-व्हॅल्यूवरून लेप किती लागू पडला ते कळत नाही. आणि सीटीआरआय, म्हणजे आपल्याकडच्या ट्रायल-नोंदणीचा नंबर टाका.

वैद्य_चिपळूणकर
नंबर आहे हो. आमच्याकडे त्याशिवाय एथिक्सवाले उभेच करत नाहीत. स्केलचे बघतो, गाइडना फक्त पी लागायचा.

शब्दकात्री
मी वर्तमानपत्रात डेस्कवर होते, मेडिकलचं काही कळत नाही, कापायचं कळतं. पहिल्या परिच्छेदावर चालवते कात्री.

"जगभर थैमान... औषध उपलब्ध नाही": २०२० मध्ये हे न माहीत असलेला वाचक बीएमजे उघडत होता का? उडवा. १९१८, सार्स, इबोला: इतिहास आहे, प्रश्न नाही. उडवा. "अत्यंत आशादायक": विशेषण तुमचं की त्या अभ्यासांचं? विशेषण उडवून काय उरतं बघा, "छोट्या अभ्यासांत फायदा दिसला". बरं मग त्या अभ्यासांत तुलनेला दुसरा गट होता का? नसेल तर तेच लिहा, कारण तुमची ट्रायल का करावी लागली ते तिथे आहे.

राहिली दोन वाक्यं. मध्यम कोविडमध्ये प्लाझ्मा सर्रास दिला जातोय पण रँडमाइज्ड ट्रायल्सचा पुरावा तुटपुंजा आहे. त्याने आजार गंभीर होणं किंवा मृत्यू टळतो का ते तपासलं. खेळ खलास.

कोकणकन्या_पीएसएम
मावशी, माझे तीन तास गेले होते त्या परिच्छेदावर :(

शब्दकात्री
म्हणूनच तुमच्याच्याने कापवत नव्हता.

घाटावरचा_डॉक्टर
आकडेमोड्या, ओपन-लेबलचं मान्य. पण मग दुसरीकडेही तोल सांभाळा. या ट्रायलमध्ये प्लाझ्मा चढवण्याआधी त्यात अँटीबॉडी किती आहेत ते मोजलेलंच नव्हतं, तशा टेस्ट तेव्हा सगळीकडे मिळतही नव्हत्या. म्हणजे कोणाला घट्ट मिळाला कोणाला पाणचट. ते कन्क्लुजनमध्ये नको का यायला? नाहीतर वाचणारा म्हणेल प्लाझ्मा फेल, विषय संपला.

लीड्सचा_पाऊस
यायला हवं, आणि मूळ अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये लेखकांनी ते आणलंय. कोकणकन्याने झाकलाय म्हणून तिला सांगू नका कोणी :) पण त्यांनी ते कसं आणलंय ते बघण्यासारखं आहे. पहिलं वाक्य सरळ, प्लाझ्माने गंभीर आजार किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. मग ही ट्रायल मर्यादित लॅबच्या जागी प्रत्यक्षात जसा वापर होतो त्याच्या जवळची आहे हे. आणि मग अँटीबॉडी आधी मोजल्या तर प्लाझ्माची भूमिका आणखी स्पष्ट होऊ शकेल हे. क्रम महत्त्वाचा. तेच अँटीबॉडीचं वाक्य आधी आलं असतं तर ती पळवाट झाली असती.

आकडेमोड्या
+१. तुमच्या पाणचट प्लाझ्माचं उत्तर त्यातच आहे डॉक्टर. प्रश्न "आदर्श प्लाझ्मा काम करतो का" हा नव्हता, "आपल्याकडे जसा दिला जातोय तसा काम करतो का" हा होता. त्याचं उत्तर त्यांना मिळालं. मे २०२१ मध्ये प्लाझ्मा राष्ट्रीय गाइडलाइनमधून काढला गेला, तेव्हा रिकव्हरीचेही आकडे हातात होते.

आता रिझल्ट्सचा मुख्य आकडा, कारण सगळं तिथे अडतं. प्लाझ्मा गटात २३५ पैकी ४४, दुसऱ्यात २२९ पैकी ४१. म्हणजे १९ टक्के आणि १८ टक्के. रिस्क रेशो १.०४, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.७१ ते १.५४. रिस्क डिफरन्स ०.००८, इंटरव्हल -०.०६२ ते ०.०७८.

समसमान
एक मिनिट. १९ वजा १८ एक होतो. मग ०.८ टक्के कुठून आला? छापायची चूक?

आकडेमोड्या
चूक नाही, राउंडिंग. ४४ भागिले २३५ म्हणजे १८.७, ४१ भागिले २२९ म्हणजे १७.९, वजाबाकी ०.८. अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये मूळ संख्या द्यायच्या त्या यासाठीच, वाचणाऱ्याला स्वतः ताडून बघता येतं. नुसते टक्के दिले असते तर तुम्ही चूक समजूनच गेला असता.

आणि त्या इंटरव्हलकडे बघा. शंभर पेशंटमागे सहा कमी ते आठ जास्त, यातलं काहीही या डेटाशी सुसंगत आहे. म्हणून "प्लाझ्माचा परिणाम नाही हे सिद्ध झाले" असंही लिहायचं नाही. मघाशी "जे नाही त्यावर किती लिहिणार" म्हणालात ना, तर जे दिसलं नाही ते किती मोठं असू शकतं हे लिहायचं असतं. तिच्या पी > ०.०५ मधून यातलं काहीच कळत नाही.

समसमान
ओके, हे आवडलं. ७५ शब्दांची सूचना मागे नाही घेत पण खिशात ठेवतो.

कोकणकन्या_पीएसएम
आणि "सुरक्षित" चं काय? ते तर ठीक आहे ना, किरकोळच रिअ‍ॅक्शन होत्या. कन्क्लुजनमध्ये एखादी तरी चांगली गोष्ट राहू दे.

लीड्सचा_पाऊस
तुझ्या रिझल्ट्समध्ये रिअ‍ॅक्शनचा एक शब्द नाही आणि कन्क्लुजनमध्ये थेट "सुरक्षित" उगवलंय. जे रिझल्ट्समध्ये नाही ते कन्क्लुजनमध्ये आलं की समजायचं गडबड आहे. पेपर परत बघ, थंडी वाजणे, मळमळ असले प्रकार एकेका पेशंटमध्ये, ताप आणि नाडी वाढणे तीन-तीन पेशंटमध्ये, पण तीन मृत्यू "प्लाझ्माशी संबंध असू शकतो" या खान्यात टाकलेत. तीन म्हणजे एक टक्का. संबंध आहेच असं कोणी म्हणत नाही. पण हे असताना "सुरक्षित" लिहिणार का?

अ‍ॅबस्ट्रॅक्टसाठी कन्सॉर्ट या ट्रायल-रिपोर्टिंगच्या नियमावलीची वेगळी यादी २००८ पासून आहे, त्यात हार्म्सला स्वतंत्र ओळ आहे, आणि शब्द कमी पडले की लोक पहिली तीच उडवतात.

कोकणकन्या_पीएसएम
ते तीन मी वाचले होते, अ‍ॅबस्ट्रॅक्टला एवढं खोलात जायचं नसतं असं वाटलं. आता लिहायला हवं हे कळतंय.

जुनी_खोड
मग एवढे सगळे आकडे कोंबले तर तो अ‍ॅबस्ट्रॅक्ट की रेल्वेचं टाइमटेबल? माणसानं वाचायचा कसा.

शब्दकात्री
यांच्याशी मी अर्धी सहमत. सगळ्याच आउटकमना रेशो आणि इंटरव्हल दिले तर मुख्य आकडा गर्दीत हरवतो. पूर्ण कपडे एकालाच घाला, मुख्य आकड्याला. बाकीच्यांना साधं वाक्य.

आकडेमोड्या
इथे माझं वेगळं मत. दम आणि थकव्यात फरक आहे असं म्हणत असाल तर किती ते द्यायला हवं, नाहीतर परत तेच "लक्षणीय". एकतर आकड्यासकट द्या नाहीतर उल्लेखच नको.

शब्दकात्री
उल्लेखच नको म्हटलं तर आमचे घाटावरचे डॉक्टर रुसतील, आणि त्यांचा मुद्दा बरोबरही आहे, पेशंटला काय वाटलं ते गाळायचं का.

घाटावरचा_डॉक्टर
रुसत नाही, पण गाळलं तर तोही स्पिनच, उलट्या बाजूचा.

लीड्सचा_पाऊस
यावर आमच्या ऑफिसातही एकमत नाही. मी एक करतो, कन्क्लुजन कापून बाकीचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट ट्रायलशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला देतो आणि म्हणतो शेवटची दोन वाक्यं तू लिही. त्याने माझ्यापेक्षा वेगळं लिहिलं तर रिझल्ट्समध्ये तरी काहीतरी कमी आहे नाहीतर माझ्या कन्क्लुजनमध्ये जास्त. कोकणकन्या, रूममेटवर करून बघ.

आणि दुसरं, सीटीआरआयवर ट्रायलची नोंद उघडून प्रायमरी आउटकम काय लिहिलाय तो तुझ्या रिझल्ट्सच्या पहिल्या वाक्याशेजारी ठेव. २००९ पासून आपल्याकडे नोंदणी सक्तीची आहे, ती नुसता नंबर चिकटवायला नाही.

कोकणकन्या_पीएसएम
केलं. माझी रूममेट रेडिओलॉजीला आहे, तिला जुनं व्हर्जन कन्क्लुजन कापून दिलं. तिने लिहिलं "प्लाझ्मा दिल्याने रुग्ण लवकर बरे होतात". मृत्यूचा शब्दही नाही! मग हे नवीन लिहिलं. शीर्षकातही "रँडमाइज्ड" घातलंय, आधी नव्हतं.

बॅकग्राउंड: मध्यम कोविड-१९ मध्ये बऱ्या झालेल्या रुग्णांचा प्लाझ्मा सर्रास दिला जात होता, पण रँडमाइज्ड ट्रायल्सचा पुरावा तुटपुंजा होता. प्लाझ्माने आजार गंभीर होणे किंवा मृत्यू टळतो का, हे तपासले.

मेथड्स: भारतातील ३९ हॉस्पिटलांत २२ एप्रिल ते १४ जुलै २०२० दरम्यान ही ओपन-लेबल, दोन गटांची, रँडमाइज्ड ट्रायल झाली. १८ वर्षांवरील, खात्रीशीर निदान झालेले मध्यम आजाराचे दाखल रुग्ण (PaO2/FiO2 २०० ते ३००, किंवा श्वसनाचा वेग मिनिटाला २४ हून अधिक व साध्या हवेत SpO2 ९३ टक्के किंवा कमी) घेतले. एका गटाला नेहमीच्या उपचारांसह २०० मिली प्लाझ्माचे दोन डोस २४ तासांच्या अंतराने, दुसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार दिले. प्रायमरी आउटकम २८ दिवसांत PaO2/FiO2 १०० च्या खाली जाणे किंवा कोणत्याही कारणाने मृत्यू हा होता. प्लाझ्मातील अँटीबॉडी आधी मोजल्या नव्हत्या.

रिझल्ट्स: ४६४ रुग्ण रँडमाइज झाले (प्लाझ्मा २३५, कंट्रोल २२९). प्रायमरी आउटकम प्लाझ्मा गटात ४४ (१९ टक्के) आणि कंट्रोल गटात ४१ (१८ टक्के) रुग्णांत दिसला. रिस्क रेशो १.०४ (९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.७१ ते १.५४), रिस्क डिफरन्स ०.००८ (-०.०६२ ते ०.०७८). मृत्यू ३४ (१५ टक्के) आणि ३१ (१४ टक्के) झाले. सातव्या दिवशी दम व थकवा जाण्याचे आणि विषाणू चाचणी निगेटिव्ह होण्याचे प्रमाण प्लाझ्मा गटात जास्त होते. प्लाझ्मा गटातील तीन मृत्यूंचा (१ टक्का) प्लाझ्माशी संबंध असू शकतो असे नोंदले गेले.

कन्क्लुजन: मध्यम कोविड-१९ मध्ये प्लाझ्माने गंभीर आजार किंवा मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. लक्षणांतील फरक ओपन-लेबल मांडणी लक्षात घेऊन वाचावा. अँटीबॉडीचे प्रमाण आधी मोजून दिलेल्या प्लाझ्माबद्दल ही ट्रायल सांगू शकत नाही.

नोंदणी: CTRI/2020/04/024775. निधी: आयसीएमआर.

मिसळ_जास्त_तर्री
१९१८ चा फ्लू गेला, वाईट वाटलं.

आकडेमोड्या
छान झालंय. मृत्यूचे दोन आकडे दिलेस पण कुठला कुठल्या गटाचा ते नाही, "अनुक्रमे" वर सोडू नकोस, गटाचं नाव घाल. आणि सेकंडरींना आकडे नाहीतच, म्हणजे शब्दकात्रीबाईंचं ऐकलंस.

शब्दकात्री
ऐकायलाच हवं, वय बघा माझं.

घाटावरचा_डॉक्टर
"लक्षणांतील फरक ओपन-लेबल मांडणी लक्षात घेऊन वाचावा" हे कन्क्लुजनमध्ये कशाला? वाचणाऱ्याने कसं वाचावं ते लेखकाने का सांगायचं, मेथड्समध्ये शब्द आलाय तेवढा पुरे. आणि आरएनएचं काय, ते लक्षणांत मोडत नाही, म्हणजे ते या वाक्यातून सुटलंच की.

लीड्सचा_पाऊस
वाक्य मी ठेवेन, कारण घाईत लोक फक्त शेवटचा भाग वाचतात. पण आरएनएचं डॉक्टर बरोबर बोलतायत, ते लोंबकळतंय. "प्राथमिक नसलेल्या आउटकममधील फरकांना यातून पुष्टी मिळत नाही" असं काहीतरी?

घाटावरचा_डॉक्टर
ते जास्तच झालं आता.

कोकणकन्या_पीएसएम
गटांची नावं घातली. ते वाक्य सध्या आहे तसंच ठेवून मॅडमकडे देते, आणि सीटीआरआयची नोंद उघडायचीये अजून, साइट लोडच होत नाहीये सकाळपासून. कोणाची चालतेय का?